डीओ पडला की एलटी फ्यूज गेला? मोटरला काय होतं आणि प्रिव्हेंटर कुठला घ्यावा

पाच-साडेसात एचपीची मोटर आहे, पूर्वी एकदा जळलीय, रिवाइंडिंगचे पैसे गेलेत आणि आता दुकानात उभं राहून कुठला प्रिव्हेंटर घ्यायचा ते कळत नाहीये, अशांसाठी लिहितोय. दुकानदार सगळ्यांना "सिंगल फेजिंग" हा एकच शब्द वापरतो पण त्याच्यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि बरेचसे स्वस्त डबे त्यातला एकच नीट ओळखतात.

पहिला प्रकार एलटीचा. डीपीच्या पेटीतला एक किटकॅट गेला, किंवा मीटरपासून स्टार्टरपर्यंत कुठे एक वायर तुटली. एक फेज सरळ बंद, बाकीचे दोन ठणठणीत. हा सगळ्यांना कळतो.

दुसरा प्रकार एचटीचा, म्हणजे डीपीच्या वर ११ केव्ही बाजूला जे तीन डीओ असतात त्यातला एक उडून खाली लोंबकळतो तो. आपल्याकडच्या डीपीचं वरचं वाइंडिंग डेल्टा आणि खालचं स्टार असतं, त्यामुळे वरचा एक फेज गेला म्हणून खालचा एक फेज जात नाही, इथेच सगळी गंमत होते. वर दोनच वायरी राहिल्या की डेल्टाच्या तीन वाइंडिंगपैकी एकाला पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि उरलेली दोन एकापाठोपाठ एक अशी सिरीजमध्ये त्याच दोन वायरींवर येतात, म्हणजे दोघांत मिळून एकाचंच व्होल्टेज, अर्धं अर्धं. खाली तेच दिसतं. एक फेज न्यूट्रलला २५०, बाकी दोन १२५-१२५. हे दोन अर्धे फेज एकमेकांच्या बरोबरीने वरखाली होतात आणि पूर्ण फेजच्या बरोबर उलट्या दिशेला असतात, म्हणून त्या दोघांत मीटर लावला तर शून्य, आणि पूर्ण फेज ते अर्धा फेज २५० अधिक १२५ म्हणजे ३७५.

| | एलटी फ्यूज गेला | एचटीचा एक डीओ गेला |
|---|---|---|
| फेज ते न्यूट्रल | २५०, २५०, ० | २५०, १२५, १२५ |
| फेज ते फेज | एक जोडी ४३३, बाकी दोन २५० | ३७५, ३७५, ० |
| चालत्या मोटरचा करंट (नेहमीचा १ धरून) | १.७३, १.७३, ० | २.३, १.१५, १.१५ |

व्होल्टेजचे आकडे सगळ्या मोटरी बंद असतानाचे आहेत, आणि करंटचे आकडे मोटर तेवढंच पाणी ओढतेय असं धरून काढलेले. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होणारच. १२५-१२५ सुद्धा दोन्ही अर्ध्या फेजवर सारखा लोड असला तरच, नाहीतर ज्या फेजवर लोड कमी त्याला जास्त व्होल्टेज मिळतं आणि जास्त लोडवाला अजून खाली बसतो. म्हणून वस्तीवर एका घरात पंखा बरा फिरतो आणि शेजारच्या घरात फ्रिजचा कॉम्प्रेसर नुसता घूं घूं करतो. पूर्वी पिवळे बल्ब होते तेव्हा ते लगेच मिणमिणायचे आणि गावाला कळायचं की डीओ गेला, आता बरेच एलईडी १२५ वर पण आरामात उजळतात त्यामुळे ती खूण पण गेली.

टेस्टरवर तर अजिबात विसंबू नका. १२५ वर टेस्टर पेटतोच, मग वायरमन तिन्हीला टेस्टर लावतो, तिन्हीला पेटला, "सप्लाय ओके आहे, मोटरच गेलीय" म्हणून मोटर वर काढायला लावतो. मीटर फेज ते फेज लावायचा आणि त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी बंद असताना. बंद असताना का, ते पुढे आलंय.

आता मोटर. ती बंद असेल आणि डीओ गेलेला असेल तर ती फिरणारच नाही. तिन्ही व्होल्टेज एकाच लयीत वरखाली होतायत, फिरतं फिल्ड तयारच होत नाही, नुसती हुंकारते आणि पाच-सहा पट करंट खात उभी राहते. बोअरवर ऑटो स्विच लावलेला असेल, रात्री लाइट आली, ऑटोने स्टार्टर ओढला आणि शेतावर कोणी नाही, तर बहुतेक मोटरी अशाच जळतात. पण मोटर आधीच फिरत असेल तर मात्र ती फिरत राहते. आणि फिरणारी मोटर स्वतःच गेलेलं व्होल्टेज बऱ्यापैकी परत तयार करते. मी ढोबळ गणित करून बघितलं तर लोडवर चालणाऱ्या मोटरीने तो शून्यवाला जोड ३०० च्या आसपास वर येतो आणि १२५ वाले फेज १९०-२०० ला जातात. आपल्याकडे लाइनीच्या टोकाला व्होल्टेज असंही कमीच असतं, मग स्टार्टरवरचा व्होल्टमीटर बघून "आज जरा लो आहे" एवढंच वाटतं. शेजाऱ्याची मोटर चालू असली तरी हेच, म्हणून म्हटलं की सगळ्या बंद करून मोजा.

एक उदाहरण घ्या. ५ एचपी, फुल लोड साडेसात अँपिअर, ओव्हरलोड तिथेच सेट, मोटर प्रत्यक्षात ६ वर चालतेय. एलटी फ्यूज गेला तर दोन वायरींत साडेदहाच्या आसपास, तिसरीत शून्य. डीओ गेला तर एका वायरीत जवळपास १४ आणि बाकी दोनमध्ये ७ पण नाही. हे शेवटचं वाक्य परत वाचा. जुन्या स्टार्टरमध्ये ओव्हरलोडला दोनच बायमेटल असतील आणि १४ वाली वायर नेमकी तिसरी असेल तर रिलेला ७ च्या आतला करंट दिसतो, सेटिंग साडेसात, तो कधीच ट्रिप होणार नाही, आणि मोटर मात्र आत शिजतेय. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने १९७१ पासून तीन ओव्हरलोड सक्तीचे केले, त्याच्यामागे हाच हिशेब आहे.

मोटर उघडल्यावर कुठला प्रकार होता ते रिवाइंडिंगवाल्याच्या टेबलावर कळू शकतं, फक्त कनेक्शन स्टार होतं की डेल्टा ते त्याला विचारा. स्टार मोटरमध्ये दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एक ताजी दिसली तर एलटीकडचं कारण, एकच फेज काळा असेल तर डीओ. डेल्टा मोटरमध्ये बरोबर उलटं, एक काळा म्हणजे एलटी, दोन काळे म्हणजे डीओ. मोटर जागेवर उभी राहून जास्त वेळ तापली तर सगळंच काळं होतं, मग काही सांगता येत नाही.

आता काय घ्यायचं ते.

नुसता ओव्हरलोड, तीन बायमेटलचा. हा असायलाच पाहिजे पण एकटा पुरत नाही. दीडपट करंटला साधा क्लास १० चा रिले चार मिनिटांपर्यंत वेळ घेऊ शकतो आणि तो स्टँडर्डप्रमाणे बरोबरच आहे. वरच्या उदाहरणात एलटी फ्यूज गेला तर सेटिंगच्या १.४ पट, म्हणजे अजून जास्त वेळ. नवीन रिलेत फेज गेल्यावर लवकर सुटायची पट्टीची सोय असते, पण ती एक बायमेटल थंड पडण्यावर चालते, आणि डीओच्या केसमध्ये थंड कोणीच पडत नाही. तिथे १४ वाला बायमेटल स्वतःच तापून काम करतो, तेवढाच आधार. त्यात कोणी "सारखा ट्रिप होतो" म्हणून सेटिंग दहावर नेऊन ठेवलं असेल तर तोही गेला.

व्होल्टेजवाला प्रिव्हेंटर, जो ऑटो स्विचच्या डब्यात आतच दिलेला असतो. मोटर सुरू व्हायच्या आधी हा सगळ्यात चांगला, कारण शून्य आणि ३७५ बघून तो स्टार्टर ओढूच देत नाही, करंट एक सेकंद पण जात नाही. पण चालू मोटरवर तो फसतो, वर सांगितलेल्या ३०० मुळे. फक्त लो व्होल्टेज बघणारा तर नक्कीच फसतो. तिन्ही व्होल्टेजमधला असमतोल बघणारा पकडू शकतो, पण गावाकडच्या असमतोलाला वैतागून लोक त्याची सेटिंग सैल करतात आणि मग तोही नुसता शोभेला.

करंटवाला, म्हणजे तिन्ही वायरी सीटीतून, म्हणजे करंट मोजणाऱ्या कड्यांतून, नेलेला. चालत्या मोटरसाठी माझं मत याच्याच बाजूने. फ्यूज कुठेही जाऊ दे, वर की खाली, मोटरच्या वायरीत काय चाललंय तेच तो बघतो, शेजाऱ्याच्या मोटरीने किंवा परत आलेल्या व्होल्टेजने त्याला काही फरक पडत नाही. कमी बाजू अशी की मोटरने करंट घेतल्याशिवाय त्याला काही कळत नाही, त्यामुळे डीओ पडलेला असताना ऑटोने स्टार्टर ओढला की तीन-चार सेकंद जड करंट जातोच, मग ट्रिप. ऑटो परत परत ट्राय करणारा असेल तर दर वेळी तेवढे सेकंद. दुसरं, काही स्वस्त मॉडेल फक्त "एखाद्या वायरीत करंट शून्य झाला का" एवढंच बघतात. एलटीला ते चालतात. डीओच्या केसमध्ये करंट २:१:१ असतो, शून्य कुठेच नाही, तो डबा हिरवा दिवा लावून बसतो. दुकानात हाच प्रश्न विचारा, अनबॅलन्सवर ट्रिप होतो का फक्त फेज फेलवर? उत्तर देता येत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.

चौथा पर्याय डिजिटल पॅनेल, व्होल्टेज आणि करंट दोन्ही बघणारा, वर ड्राय रन पण. ऑटोवर चालणारा बोअर असेल आणि मोटर तीनशे फुटांवर असेल तर माझ्या मते हाच घ्या, मोटर वर काढायची मजुरी धरली की फरक भरून निघतो. विहिरीवरची मोनोब्लॉक, तुम्ही स्वतः उभं राहून बटण दाबता, ऑटो नाही, तर अनबॅलन्स बघणारा करंटवाला आणि तीन बायमेटलचा ओव्हरलोड एवढ्यात भागतं. आणि जे लोक कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर पळवतात त्यांनी हा खर्च करूच नये, कारण ते पहिल्याच दिवशी प्रिव्हेंटर बायपास करणार.

लावून झाल्यावर वायरमन एक किटकॅट काढून दाखवतो, "बघा ट्रिप झाला". त्याने फक्त एलटीचा प्रकार सिद्ध झाला, डीओचा नाही. डीओ ओढून बघायचा तर विषयच नाही, त्याला हात फक्त लाइनमनने लावायचा. पण करंटवाल्यासाठी एक साधी युक्ती आहे. मेन बंद करा, एका फेजची वायर सीटीच्या भोकातून दोनदा फिरवून घ्या, बाकी दोन तशाच एकदा, त्या डब्यातच ओव्हरलोड असेल तर त्याची सेटिंग तात्पुरती दुपटीच्या वर न्या आणि मोटर चालू करा. मोटरला काही होत नाही, तिचा करंट नेहमीचाच आहे, फक्त डब्याला तो २:१:१ दिसतो. काही सेकंदांत ट्रिप झाला तर डीओच्या दिवशी पण होईल. नाही झाला तर बिल घेऊन त्याच दिवशी परत करा, आणि वायर परत एकदाच घालायला आणि ओव्हरलोड मूळ जागी आणायला विसरू नका.