पेणच्या मूर्ती कारखान्याचा बारा महिन्यांचा रोकड अंदाज: मंद महिन्यांसाठी स्वतःची गंगाजळी, कॅश क्रेडिट की व्यापाऱ्याचा ॲडव्हान्स?

रायगड जिल्ह्यातील पेण आणि त्याच्या जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी ओळखली जातात. या धंद्यात काम जवळपास वर्षभर चालते, परंतु वर्षाची बहुतेक कमाई गणेशचतुर्थीच्या आगेमागे काही आठवड्यांत हाती येते. त्यामुळे वर्षाला नफा होतो की नाही, यापेक्षा कोणत्या महिन्यात हातातली रोकड सर्वांत खाली जाते आणि ती किती खाली जाते, हा प्रश्न कारखानदाराला अधिक छळतो. ती दरी भरण्याचे तीन मार्ग सर्रास वापरले जातात: स्वतः साठवलेली गंगाजळी, ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलता येणारे बँकेचे कॅश क्रेडिट आणि व्यापाऱ्याकडून घेतलेला ॲडव्हान्स. यांपैकी निवड करायची, तर आधी दरीची खोली मोजावी लागते.

पुढील आकडे शाडूच्या मूर्ती करणाऱ्या एका कल्पित, मध्यम आकाराच्या कारखान्याचे आहेत. त्याची वार्षिक उलाढाल २२ लाख रुपये आहे. शेडचे भाडे, वीज, कायम कारागिरांची मजुरी आणि मालकाचा घरखर्च मिळून दरमहा ९० हजार रुपये ठरलेले आहेत. घरखर्च तक्त्यात धरणे अत्यावश्यक आहे, कारण तो वगळलेला अंदाज कागदावर सुखावतो आणि डिसेंबरमध्ये खोटा ठरतो. तक्ता ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या काळाचा असून सुरुवातीची शिल्लक मुद्दाम शून्य धरली आहे. त्यामुळे शेवटच्या रकान्यातील सर्वांत मोठा आकडा म्हणजेच दरीची खोली होय. सर्व रकमा हजार रुपयांत आहेत.

| महिना | जमा | खर्च | महिनाअखेरची एकूण तूट |
|---|---|---|---|
| ऑक्टोबर | ४० | १३० | ९० |
| नोव्हेंबर | ० | ९० | १८० |
| डिसेंबर | ० | १५० | ३३० |
| जानेवारी | १०० | १५० | ३८० |
| फेब्रुवारी | ६० | ११० | ४३० |
| मार्च | १२० | १३५ | ४४५ |
| एप्रिल | १५० | १३० | ४२५ |
| मे | १०० | २५० | ५७५ |
| जून | ८० | २१० | ७०५ |
| जुलै | १५० | २०० | ७५५ |
| ऑगस्ट | २०० | २३० | ७८५ |
| सप्टेंबर | ९०० | १९० | ७५ |

ऑक्टोबरच्या खर्चात दिवाळीचा बोनस आहे, डिसेंबर-जानेवारीत शाडूची खरेदी आहे आणि मार्चमध्ये आगाऊ आयकर आहे. मे महिन्यात खर्च एकदम उसळतो, कारण पावसाळ्यापूर्वी माती आणि रंग भरून ठेवावे लागतात व शेडवर ताडपत्री घालावी लागते. जानेवारीची जमा माघी गणेश जयंतीची आहे. त्यानंतरची जमा कच्च्या मूर्ती उचलणाऱ्या व्यापाऱ्यांकडून थोडी थोडी येते.

या तक्त्यातील ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या ओळींवर थांबणे गरजेचे आहे, कारण अंदाज चुकतो तो बहुधा येथेच. २०२५ मध्ये गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला येते, म्हणजे दोन हंगामांमध्ये ३६५ नव्हे तर ३८३ दिवसांचे अंतर पडते. मागील वर्षीची वही समोर ठेवून आकडे जसेच्या तसे उतरवले असते, तर ऑगस्टमध्ये साडेपाच लाख आणि सप्टेंबरमध्ये साडेआठ लाख जमा दिसले असते, दरीचा तळ जुलैअखेर ७ लाख ५५ हजारांवर लागला असता आणि वर्षाअखेरीस सव्वादोन लाखांची शिल्लक दिसली असती. प्रत्यक्षात ऑगस्टमधले साडेतीन लाख सप्टेंबरात सरकतात आणि सप्टेंबरमधली तीन लाखांची व्यापाऱ्यांकडील बाकी ऑक्टोबरात जाते. म्हणूनच बारावा महिना संपताना तक्ता ७५ हजारांची तूट दाखवतो. धंदा तोट्यात गेला असा त्याचा अर्थ नाही. येणे असलेले तीन लाख तक्त्याच्या कडेबाहेर पडले आहेत, एवढेच. माझ्या मते सणावर चालणाऱ्या कोणत्याही धंद्याने बारा महिन्यांच्या तक्त्याला तेरावा महिना जोडावा आणि जमेच्या ओळी इंग्रजी महिन्याऐवजी 'चतुर्थीच्या इतके आठवडे आधी' किंवा 'नंतर' अशा रीतीने प्रथम मांडून मगच महिन्यांत उतरवाव्यात. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे. तेव्हा अंतर ३५५ दिवसांचेच राहील, म्हणजे पैसे लवकर येतील, पण तेवढ्याच मूर्तींसाठी जादा कारागीर लवकर लावावे लागतील.

महिनाअखेरचा आकडा महिन्याच्या पोटातली ओढाताण लपवतो, हेही लक्षात घ्यावे. १४ सप्टेंबरपूर्वी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मूर्तींचे डोळे आखणारे कारागीर, पॅकिंग आणि टेम्पो यांवर एक लाख गेले आणि स्टॉलवाल्यांचे पैसे तोवर आले नाहीत, तर तूट ७ लाख ८५ हजारांवरून ८ लाख ८५ हजारांवर जाते. दरीचा खरा तळ हा आहे. त्याशिवाय मंद काळासाठी उशी हवी. ती टक्केवारीने अंदाजे ठरवण्यापेक्षा एक नेमकी आपत्ती धरून ठरवलेली बरी: मार्च ते मे या तीन महिन्यांची जमा ३ लाख ७० हजार आहे, त्यातील निम्मी आली नाही, तर १ लाख ८५ हजारांचा खड्डा पडतो. दोन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चापेक्षा ही रक्कम किंचित जास्त आहे. म्हणजे एकूण सोय १० लाख ७० हजारांची हवी.

ही सगळी रक्कम स्वतःच्या गंगाजळीतून उभी केली, तर व्याज नाही, कागदपत्रे नाहीत आणि कोणाची मर्जी सांभाळणे नाही. रक्कम वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवींत अशा रीतीने विभागता येते की डिसेंबर, मे आणि जुलैच्या आरंभी एकेक ठेव पिकेल. अडचण उभारणीची आहे. या कारखान्याची वर्षाची बचत सव्वादोन लाख आहे, म्हणजे पूर्ण गंगाजळी साठायला जवळजवळ पाच वर्षे लागतील, आणि तीही दरवर्षीची सर्व बचत धंद्यातच राहिली तर. हंगाम संपताच खात्यावर मोठी रक्कम दिसते आणि घराचे काम किंवा लग्नकार्य नेमके तेव्हा निघते. म्हणून ही ठेव चालू खात्यापासून वेगळी, शक्य तर दुसऱ्या बँकेत ठेवावी.

कॅश क्रेडिट हा मार्ग दिसायला सर्वांत सोयीचा वाटतो, परंतु हंगामी धंद्याला त्याच्या तीन कडा लागतात. पहिली मर्यादेची. लहान उद्योगांसाठी बँका नायक समितीच्या पद्धतीने अपेक्षित उलाढालीच्या किमान २० टक्के इतकी खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा धरतात. येथे ती ४ लाख ४० हजार होते, तर आपली दरी उलाढालीच्या सुमारे ४० टक्के आहे. ऑक्टोबरपासून सगळा खर्च याच खात्यातून केला, तर मार्चअखेर तूट ४ लाख ४५ हजारांवर पोहोचते आणि मे महिन्याची मातीखरेदी तोंडावर असताना मर्यादा संपलेली असते. महिनावार तक्ता दाखवून हंगामासाठी वाढीव मर्यादा मागता येते, पण ती मिळेलच असे धरून चालू नये.

दुसरी कड ड्रॉइंग पॉवरची. मंजूर मर्यादा कितीही असली, तरी प्रत्यक्ष उचल शिल्लक मालाच्या किमतीतून मालकाने स्वतः घालायचा हिस्सा, म्हणजे मार्जिन, वजा करून ठरते. ऑक्टोबर ते डिसेंबर शेडमध्ये माल जवळजवळ नसतो; म्हणजे पैसा लागतो तेव्हा उचल कमी आणि शेड मूर्तींनी भरलेली असते तेव्हा उचल जास्त.

तिसरी कड सर्वांत धोक्याची आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कॅश क्रेडिट खात्यात सलग ९० दिवस काहीही जमा झाले नाही, किंवा झालेली जमा त्या काळात लागलेल्या व्याजापेक्षा कमी पडली, तर उचल मर्यादेत असूनही खाते अनियमित ठरते आणि अनुत्पादित कर्जांत जाते. आपल्या तक्त्यात ऑक्टोबरचे ४० हजार १० तारखेला आले, तर पुढचे ९० दिवस ८ जानेवारीला पूर्ण होतात. माघी जयंती २२ जानेवारीला आहे. तेव्हाचे पैसे सण झाल्यावर आले, तर नियमितपणे धंदा करणारा माणूस केवळ तारखांमुळे थकबाकीदार ठरतो.

व्यापाऱ्याच्या ॲडव्हान्सवर व्याज लिहिलेले नसते, म्हणून तो स्वस्त भासतो. समजा, व्यापारी डिसेंबरमध्ये दोन लाख देतो आणि त्या बदल्यात चार लाखांच्या मूर्ती दहा टक्के कमी भावाने मागतो. कारखानदाराचे ४० हजार जातात, म्हणजे नऊ महिन्यांसाठी दोन लाखांवर २० टक्के. त्याच रकमेवर ११ टक्के दराने बँकेचे नऊ महिन्यांचे व्याज साडेसोळा हजार झाले असते. शिवाय भाव डिसेंबरमध्येच बांधला गेल्याने पुढे मजुरी वाढली, तर ती भरून काढायला वाव राहत नाही. मात्र ठरलेल्या भावाला हात न लावता मिळणारा बयाणा ही वेगळी गोष्ट आहे. त्यामुळे मागणी पक्की होते आणि पैसाही लवकर येतो. तो मिळत असेल तर अवश्य घ्यावा.

या कारखान्यासाठी मी दोन मार्गांची जोड निवडेन. ऑक्टोबर ते एप्रिलची ४ लाख ४५ हजारांची तूट आणि १ लाख ८५ हजारांची उशी, मिळून ६ लाख ३० हजार, स्वतःच्या ठेवीत असावेत. कॅश क्रेडिटची ४ लाख ४० हजारांची मर्यादा मे महिन्यापूर्वी मुळीच उचलू नये. मे ते सप्टेंबर शेडमध्ये माल असल्याने ड्रॉइंग पॉवर मिळते, दरमहा जमा होत असल्याने ९० दिवसांचा नियम मोडत नाही, सप्टेंबरचा पहिला आठवडा निभावतो आणि महिनाअखेर खाते शून्यावर येते. ११ टक्के दर धरला, तर वर्षाचे व्याज दहा हजारांच्या आसपास राहते. ६ लाख ३० हजारांची ठेव पाच नव्हे, तर जेमतेम तीन वर्षांत साठते. तोवर ठेव अपुरी असेल, तर मूर्तींची संख्या कमी ठेवणे किंवा डिसेंबरच्या मातीपुरता एकाच व्यापाऱ्याचा ॲडव्हान्स घेणे, हे पर्याय उरतात. मी पहिला घेईन.

तक्ता पुन्हा तपासण्याचा दिवस ३१ मार्च. त्या दिवशी प्रत्यक्ष तूट ४ लाख ४५ हजारांऐवजी पाच लाखांच्या पुढे गेलेली असेल, तर उशीला हात लागलेला आहे, असे समजावे आणि मे महिन्याच्या माती-रंगाच्या एक लाखाच्या खरेदीतून तेवढी कपात करावी. जूनपर्यंत थांबल्यास माती शेडमध्ये येऊन पडलेली असते आणि कपातीला जादा कारागिरांच्या मजुरीखेरीज जागा उरत नाही.