बोअरच्या पाण्यावर 25 लिटरचा गीझर : दोन हिवाळ्यांनंतर

नागपुरात मनीषनगरकडे राहतो. नळाचं पाणी पिण्यापुरतं येतं, आंघोळीला अन् धुण्याला बोअरचंच. त्या पाण्यात क्षार किती ते उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांवर दिसतं. तेच पाणी गीझरमध्ये जातं. आमचा गीझर 25 लिटरचा, उभा, आतून काचेचा लेप असलेल्या लोखंडी टाकीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं अशा कुठल्याही गीझरला लागू आहे.

पहिला हिवाळा छान गेला. दुसऱ्यात पाणी तापायला वेळ लागू लागला अन् तापताना आतून तडतड ऐकू यायची. हे क्षाराचं लक्षण. कॉइलवर थर बसला की त्याच्याखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, तिचा तो आवाज. मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "भाऊ, कॉइल साफ करून देतो, अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. मी म्हटलं, उघडतोच आहेस तर अ‍ॅनोड रॉडही काढून दाखव.

बहुतेक घरांत राहून जातं ते हेच. कॉइल आवाज करते म्हणून साफ होते, रॉड गुपचूप झिजत असतो. हा मॅग्नेशियमचा दांडा मुद्दाम झिजायलाच ठेवलेला असतो. काचेच्या लेपाला कुठे बारीक चीर असली तर तिथल्या लोखंडाआधी मॅग्नेशियम गंजतं अन् टाकी वाचते. दांडा संपला की पाळी टाकीची.

आमच्या गीझरमध्ये दोन्ही खालच्या फ्लँजवरच बसवलेले आहेत. आधी एमसीबी बंद, मग थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. पाणी निवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी पूर्ण रिकामी केली, मग नट सोडवले. कॉइलवर पांढरट-पिवळा थर होता, बोटाने दाबला की पापुद्रा निघायचा. रॉड खड्डे पडून अर्ध्याहून बारीक झाला होता आणि टोकाला आतली लोखंडी तार उघडी पडली होती. एवढं दिसलं की बदलायचाच. नवा रॉड काही शे रुपयांत येतो. क्षाराच्या पाण्यावर मी आता दर वर्षी बघणार.

कॉइलसाठी किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरलं : लिटरभर कोमट पाण्यात सुमारे 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. विजेची जोडणी असलेलं टोक पाण्याबाहेर ठेवायचं. फेस येणं थांबलं की उरलेला थर हातानेच निघतो. रॉड मात्र त्यात बुडवू नका, आम्ल त्यालाही खातं. संडासचं अ‍ॅसिड वापरायला मी साफ नकार दिला, ते कॉइलचं तांबंही खातं. टाकीच्या आत स्क्रूड्रायव्हरने खरवडू देऊ नका, काचेचा लेप उडतो. गॅस्केट नवंच टाका. शेवटी टाकी भरून गरम नळातून सलग धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही, कोरडी कॉइल लगेच जळते. यानंतर तडतड बंद झाली. थर्मोस्टॅट 55 अंशांच्या आसपास आणला, कारण पाणी जितकं जास्त तापतं तितका क्षार जास्त बसतो.

सेफ्टी व्हॉल्व्हबद्दल घरोघरी गैरसमज आहे. तापताना त्यातून थेंब पडणं चांगलं. 25 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर गेलं की सुमारे 400 मिलीलिटरने फुगतं, अन् व्हॉल्व्ह पाणी उलटं थंड पाइपात जाऊ देत नाही, म्हणून जास्तीचं बाहेर पडतं. त्याचं तोंड कधीही बुजवू नका. पण गीझर बंद, पाणी गार, तरी थेंब सुरूच असेल तर दोन गोष्टी बघा. गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर एक-दोन मजल्यांच्या घरात एका बारच्या आतच असतं अन् व्हॉल्व्ह साधारण 8 बारचा असतो, त्यामुळे प्रेशर पंप नसेल तर बहुधा आत क्षाराचा कण अडकलेला असतो. लिव्हर दोन-तीनदा उचलून पाणी जोरात सोडलं की आमचा बरा झाला. लिव्हर हलतच नसेल तर व्हॉल्व्ह जाम आहे, तो बदला.

टाकीच गेली का, हे ओळखायला शेजारच्या काकांचं उदाहरण बघा. त्यांच्या गीझरखाली ओल होती. इलेक्ट्रिशियनने फ्लँज, व्हॉल्व्ह, दोन्ही पाइपांचे नट पुसून कोरडे केले अन् कागद लावून ठेवला. ते कोरडेच राहिले, पण बाहेरच्या कव्हरच्या सांध्यातून तांबडं पाणी झिरपत राहिलं. गरम पाणीही तांबूस यायचं, थंड नळ मात्र स्वच्छ. म्हणजे गंज पाइपांचा नाही, टाकीचा. सांध्यातून झिरपणारी टाकी वेल्डिंगने दुरुस्त होत नाही, उष्णतेने आतला काचेचा लेपच जातो. त्यांनी गीझर बदलला. जुना उघडला तेव्हा रॉडच्या जागी नुसती तार होती.

मार्च ते ऑक्टोबर आमचा गीझर बंदच असतो, गच्चीवरचं पाणीच तापलेलं येतं. त्या काळात टाकी रिकामी करत नाही. रिकाम्या दमट टाकीत गंज धरतो अन् पाण्याबाहेर रॉडचा उपयोग नसतो. फक्त एमसीबी पाडतो. थंडी सुरू झाली की पहिलं साचलेलं पाणी पूर्ण सोडून देतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तरी घाबरायचं कारण नाही, साचलेल्या पाण्यातले जंतू अन् मॅग्नेशियम मिळून तो होतो आणि ताजं पाणी फिरलं की जातो.