‘चुकून तुमच्या नंबरवर कोड आलाय’: देवगडच्या मावशीचं व्हॉट्सॲप कसं गेलं आणि कसं परत मिळालं

ज्यांचा धंदा व्हॉट्सॲपवर चालतो त्यांनी हे नीट वाचा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

माझी मावशी देवगड तालुक्यात राहते. बागेतला हापूस दलालाकडे न घालता मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवते. पेट्यांचं बुकिंग, पत्ते, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट, सगळं त्या एका नंबरवर. एप्रिलमध्ये, ऐन तोडणीच्या दिवसांत, ते खातं कुणीतरी काढून घेतलं.

मेसेज अनोळखी नंबरवरून आला नव्हता. गावातल्या शाळेच्या बाईंच्या नावाने, त्यांच्या फोटोसकट आला होता. ‘ताई, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. सहा आकडे आहेत, लगेच पाठवा. ऑनलाइन फॉर्म भरतेय, वेळ संपत आलाय.’ त्याच मिनिटाला मावशीच्या फोनवर खरोखरच एसेमेस वाजला. वर लिहिलेलं ‘Your WhatsApp code’, मग सहा आकडे, आणि खाली ‘Don't share this code with others’. मावशी इंग्रजी वाचत नाही. तिने आकडे पाहिले आणि बाईंना पाठवून दिले. बाईंचं खातं आदल्याच दिवशी चोराच्या हातात गेलं होतं, हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं.

इथे एक गोष्ट पक्की समजून घ्या. कोड ज्या नंबरवर येतो, त्याच नंबरचं खातं तो उघडतो. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकलं की ते नंबर विचारतं, आणि तो नंबर खरंच तुमच्याकडे आहे ना हे तपासायला त्याच नंबरवर कोड पाठवतं. चोराने आपल्या फोनवर मावशीचा नंबर टाकला होता. त्याला फक्त ते सहा आकडे हवे होते. बाईंच्या खात्याचा कोड मावशीकडे येईलच कसा? आणि समजा कुणी आकडा चुकवून खरंच तुमचा नंबर टाकला, तरी त्या कोडने त्याचं खातं उघडणार नाही, तुमचंच उघडेल. म्हणून मागणारा सख्खा भाऊ असला तरी कोड द्यायचं कारण कधीच खरं असू शकत नाही. जीमेल, फेसबुक, बँक, सगळीकडे हेच.

कोड दिल्यावर थोड्याच वेळात मावशीचं व्हॉट्सॲप बंद पडलं. नंबर दुसऱ्या फोनवर नोंदवला गेल्याची सूचना पडद्यावर होती, पण ती पेट्या भरण्यात गुंतलेली. नेट गेलं असेल असं तिला वाटलं. आमच्याकडे ते रोजचंच आहे.

चोराला जुनं बोलणं दिसत नाही, कारण ते मावशीच्याच फोनमध्ये असतं. मग तिच्या गिऱ्हाइकांना आंब्याच्याच नावाने कसं फसवलं, हे कोडं मला संध्याकाळपर्यंत सुटेना. नंतर एका गिऱ्हाइकाने स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं. खातं हातात आलं की नवे येणारे मेसेज चोराकडे जातात, आणि ज्या ग्रुपमध्ये आपण आहोत तिथली नावं आणि नंबरही त्याला दिसतात. बुकिंगच्या ग्रुपचं नाव त्याच्यासमोर होतंच. त्यात एक गिऱ्हाईक स्वतःहून विचारत होतं, ‘काकू, माझ्या दोन पेट्या कधी निघणार?’ चोराने उत्तर दिलं, ‘आज निघतील. उरलेले पैसे या क्यूआरवर टाका, माझं जुनं खातं बंद आहे.’ क्यूआरवर नाव भलत्याच माणसाचं. माझी मावशी त्या गिऱ्हाइकाला नेहमी ‘बाळा’ म्हणते. इथे सगळं कोरडं, घाईचं. तरी काहींनी पैसे टाकले.

रात्री डोंबिवलीच्या मामेभावाचा तिला फोन आला तेव्हा कुठे प्रकार उघडा पडला. त्या रात्री आम्ही केलं ते क्रमाने सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाला क्रमच सुचत नाही.

सिम मावशीच्याच फोनमध्ये होतं, त्यामुळे नंबर अजून तिचाच होता. व्हॉट्सॲप उघडून नंबर टाकला आणि नवा कोड मागवला. पडद्यावर उलटे आकडे मोजणारं घड्याळ आलं: इतका वेळ थांबा. कोड पुन्हा पुन्हा मागितला किंवा चुकीचा टाकला की ही थांबण्याची वेळ वाढत जाते, आणि चोर मुद्दाम तेच करून ठेवतात. अशा वेळी वैतागून बटण दाबत बसू नका, अंदाजाने आकडे टाकू नका. थांबा. घरात रेंज नसेल तर वेळ संपायच्या आत सड्यावर किंवा जिथे हमखास रेंज मिळते तिथे जा. आम्ही तेच केलं. कोड आला, टाकला.

पुढे आणखी एक पडदा आला. आता सहा आकडी पिन मागत होता. हा पिन एसेमेसने येत नाही, खातेदाराने स्वतः ठरवलेला असतो. मावशीने कधीच ठेवला नव्हता, म्हणजे तो चोराने लावला होता. इथे बरेच जण ‘गेलं खातं’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. एसेमेसचा कोड बरोबर टाकला त्याच क्षणी चोर बाहेर फेकला जातो, पिन त्याचा असला तरी. पिन माहीत नसेल तर तुम्हाला 7 दिवस थांबावं लागतं, मग पिनशिवाय आत जाता येतं. मावशी थांबली. त्या दिवसांत गिऱ्हाइकांना साधे फोन केले आणि प्रत्येक ग्रुपच्या ॲडमिनला तिचा नंबर तात्पुरता काढायला सांगितलं.

सिमच हरवलं असेल तर आधी कंपनीकडून त्याच नंबरचं नवं सिम घ्यावं लागतं. त्याशिवाय कोड येणार कुठे?

पैसे गेले असतील तर खात्याच्या मागे लागण्याआधी 1930 वर फोन करा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. फोन ज्याचे पैसे गेले त्याने करायचा, यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी ठेवून. पैसे चोराच्या खात्यात पडून असतील तर ते गोठवता येतात. एकदा पुढे फिरवले की हाती लागणं कठीण. मामेभावाने लगेच फोन केला, त्याचे पैसे अडकवले गेले. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्या दिवशी केला, तोवर तिथे काही उरलं नव्हतं. त्या गिऱ्हाइकाच्या पेट्या मावशीने तरीही पाठवल्या.

खातं परत आल्यावर पहिल्यांदा लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी काही जोडलेलं नाही ना ते पाहिलं. मग सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन इथे जाऊन मावशीने स्वतःचा पिन लावला, आणि विसरला तर बदलता यावा म्हणून ईमेलही दिला. आता कोड चुकून कुणाला गेला तरी पिनशिवाय त्याला लगेच आत येता येणार नाही. अर्थात पिनही कुणी मागेल. तोही सांगायचा नाही.

तुमच्याकडे कुणी ओळखीच्या नावाने कोड मागितला तर नुसतं ‘नाही’ म्हणून गप्प बसू नका. त्या माणसाला साधा फोन लावा आणि सांगा, तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात आहे. बाईंना ते दोन दिवस कळलं नव्हतं, आणि तेवढ्यात मावशीशिवाय गावातली आणखी माणसंही त्यात अडकली होती.