कूलिंग टॉवरवाल्याने जानेवारीत ट्रायल घेतली आणि मला गंडवलं

गोव्यात कुंडईला माझं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. चिलरसाठी कूलिंग टॉवर घेतला: टॉवरचे 3,45,000 आणि 'केमिकल नको, ब्लोडाऊन नको' म्हणून गळ्यात मारलेल्या मॅग्नेटिक यंत्राचे 85,000. वर जीएसटी 77,400. एकूण 5,07,400 रुपये गेले. दुसऱ्याचा नुसता टॉवरच 4,80,000 ला होता, म्हणून हा घेतला. धंदा करणारा कोणीही हेच करेल.

कोटेशनवर ठळक लिहिलं होतं, 'पाणी 37 वरून 32 अंशांवर'. खाली बारीक अक्षरांत, 'वेट बल्ब 25'. खेळ तिथेच होता. वेट बल्ब म्हणजे ओला कपडा गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं हवेचं तापमान. टॉवर पाण्याला हवेच्या वेट बल्बच्या खाली नेऊच शकत नाही. तो वेट बल्बच्या किती जवळ नेतो, ते अंतर म्हणजे अप्रोच. या टॉवरचा अप्रोच 7 अंश. गोव्यात एप्रिल-मेमध्ये वेट बल्ब 28 पर्यंत जातो. तिथे 32 हवे असतील तर अप्रोच 4 लागतो, आणि त्यासाठी बराच मोठा टॉवर लागतो. 1,35,000 चा फरक कुठून आला, ते आता कळलं ना?

सगळ्यात जास्त जळफळाट होतो तो ट्रायलच्या दिवसाचा. जानेवारी, हवा कोरडी. टॉवरमधून 29 अंशांचं पाणी आलं आणि सेल्समन म्हणाला, "बघा भाऊ, 32 सांगितलं होतं, 29 दिलं!" मी सही केली. त्या दिवशी वेट बल्ब 20 च्या आसपास होता, म्हणजे अप्रोच 9. त्याच्या रिपोर्टात वेट बल्बचा रकानाच नव्हता! तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण थर्मामीटरवर 29 दिसत असताना कोण ओरडणार? वेट बल्ब मोजायला थर्मामीटरच्या टोकाला ओला कपडा बांधून फिरवलं की झालं, ते त्याने मुद्दाम टाळलं.

मे महिन्यात आमचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, टॉवरचं पाणी हाताला कोमट लागतंय." मोजलं तर वेट बल्ब 28, पाणी 34.5. दुपारी चिलर हाय प्रेशरवर ट्रिप व्हायचा आणि मशिनं बंद पडायची.

त्यात पाण्याचा हिशोबही खोटा. फिरणारं पाणी तासाला 60 घनमीटर, तापमानातला फरक 5 अंश. 60 × 5 × 0.00085 × 1.8 केलं की बाष्पीभवन तासाला 0.46 घनमीटर येतं, 24 तासांत 11. त्याने मेकअप, म्हणजे टॉवरमध्ये रोज नव्याने भरायचं पाणी, म्हणून एवढंच लिहून दिलं. पण वाफ क्षार मागे ठेवून जाते. क्षार तिपटीवर रोखायचे तर बाष्पीभवनाच्या निम्मं पाणी, रोज साडेपाच घनमीटर, ब्लोडाऊन म्हणून टाकीतून बाहेर सोडावंच लागतं. म्हणजे खरा मेकअप 16.5. बोअर कमी पडली की टँकर कोण मागवणार?

ब्लोडाऊन नाही, म्हणून क्षार साठले. लॅबमध्ये तपासलं तर बोअरच्या पाण्यात क्लोराइड 60, टॉवरच्या टाकीत 480. आठपट. हार्डनेस मात्र 180 चा 900 झाला होता, पाचपटच. मग उरलेला हार्डनेस गेला कुठे? चिलरच्या कंडेन्सरचं झाकण काढलं तेव्हा दिसला: तांब्याच्या नळ्यांत आतून पांढरा, खडबडीत थर, नखाने निघेना. डिस्केलिंगला 28,000 गेले. ते मॅग्नेटिक यंत्र आता भंगारात. तुमच्याकडे क्लोराइडच्या पटीपेक्षा हार्डनेसची पट कमी दिसली, तर क्षार नळ्यांत बसतोय हे समजा आणि लगेच तपासा.

तक्रार करायला गेलो तर पोलीस म्हणाले, "ही दिवाणी बाब आहे." ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात सांगितलं, व्यावसायिक वापराची खरेदी आहे, तुम्ही ग्राहकच नाही. पाच लाख गेले आणि मी ग्राहक नाही! कोर्टात जायचं तर कोटेशनवर वाद त्याच्या शहरातल्या कोर्टात चालेल असं छापलेलं. कागद घेऊन या, झेरॉक्स आणा, पुढच्या आठवड्यात या... फसवणारा दोन वेट बल्बच्या फरकातून पैसे काढतो आणि अधिकाऱ्यांना वेट बल्ब म्हणजे काय तेच समजावत बसावं लागतं. ज्याला कळतं असा एकही माणूस समोर बसत नाही.

घेणाऱ्यांनी ऑर्डरमध्ये 'वेट बल्ब 28, थंड पाणी 32' असं लिहून घ्या आणि 10 टक्के पैसे मे महिन्यातल्या चाचणीपर्यंत रोखून धरा. त्याआधी ट्रायल घ्यायची झाली तर कारखान्याकडून टॉवरचा परफॉर्मन्स कर्व्ह मागा. हवा कोरडी असताना अप्रोच वाढतोच, तो किती वाढायला हवा ते त्यातच कळतं. कर्व्ह नाही म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मी आता टाकीला ब्लोडाऊनचा व्हॉल्व्ह आणि मेकअपच्या पाइपवर मीटर बसवलाय, स्केल धरू नये म्हणून केमिकलचा डोसिंग पंपही. क्षार आटोक्यात आहेत. पाणी मात्र मेमध्ये अजूनही 34 च्या वरच, कारण टॉवर लहान तो लहानच. टॉवरला जोडायच्या दुसऱ्या सेलचं कोटेशन मागवलंय.