राहिलेल्या बिलांचं पत्र: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी सांगलीत लहान दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघतो. पूर्वी दर महिन्याला एकच ओळ पाठवायचो, "राहिलेली खरेदीची बिलं लवकर पाठवा." उत्तर ठरलेलं असायचं, "सगळी दिलीत की!" त्यांचंही बरोबरच होतं. नेमकं कोणतं राहिलंय हे त्यांना कळणार कुठून? म्हणून एप्रिलपासून पत्र बदललं.

पुरवठादारांनी दुकानाच्या नावावर चढवलेली बिलं १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी या यादीत दिसतात. १५ ला मी ती आमच्या खरेदीच्या नोंदींशी ताडून बघतो आणि जे बिल तिथे आहे पण आमच्याकडे आलेलं नाही, तेवढंच पत्रात लिहितो. ऑगस्टमध्ये एका हार्डवेअरवाल्यांना गेलेलं पत्र असं होतं:

"नमस्कार शेठ, जुलैचं रिटर्न २० ऑगस्टपर्यंत भरायचं आहे. पाइपच्या खरेदीचं २६ जुलैचं बिल आलेलं नाही. माल ६४,००० रुपयांचा, त्यावर कर ११,५२० रुपये. बिल हातात नसताना त्याचं क्रेडिट घेता येत नाही, मग तेवढे पैसे या महिन्यात खिशातून भरावे लागतील. १८ तारखेपर्यंत बिलाचा स्पष्ट फोटो पाठवा. माल आलाच नसेल तर तसं कळवा."

त्याच दुपारी फोटो आला. बिल गोडाऊनमध्ये ट्रान्सपोर्टच्या पावतीला टाचलेलं होतं. माझ्या मते काम केलं ते ११,५२० या आकड्याने.

शेवटचं वाक्य मी जूनमध्ये घातलं. एक दुकानदार दोन दिवस बिल शोधत होते आणि शेवटी कळलं, पुरवठादाराने चुकीचा जीएसटी क्रमांक टाकला होता, माल दुसऱ्याचाच होता. असं क्रेडिट घ्यायचंच नसतं.

सुरुवातीला माझी एक चूक झाली. बिल आमच्याकडे आहे पण २बीमध्ये नाही, अशी बिलंही मी त्याच पत्रात घातली. लोक दिलेलंच बिल पुन्हा शोधू लागले. अशा वेळी बिल शोधायचं नसतं, पुरवठादाराला फोन करायचा असतो; त्याने रिटर्न भरलेलं नसतं किंवा तो तिमाही भरणारा असतो. आता त्यासाठी वेगळी चिठ्ठी जाते.

"नाहीतर क्रेडिट बुडेल" हेही मी काढून टाकलं, कारण ते खरं नाही. उशिरा आलेल्या बिलाचं क्रेडिट पुढच्या महिन्यांतही घेता येतं, साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. तोवर पैसे अडकतात, एवढंच.

एक गोष्ट मात्र या पत्राने सापडत नाही. खरेदी करताना दुकानाचा जीएसटी क्रमांक दिलाच नसेल तर ते बिल २बीमध्ये येतच नाही. बँकेच्या उताऱ्यात पैसे गेलेले दिसतात, तेव्हा विचारावं लागतं. त्यामुळे आता पत्राच्या तळाशी दुकानाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापतो. दोघा दुकानदारांनी तेवढी पट्टी कापून गल्ल्यावर चिकटवली आहे.