नेफ्रॉनचा प्रश्न: क्रियेनुसार लिहावा की भागानुसार?

"नेफ्रॉनमधून होणाऱ्या मूत्रनिर्मितीचा मागोवा घ्या. गाळण, पुनर्शोषण आणि स्रवण स्पष्ट करा." शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच, मग तो एमबीबीएसचा असो, नर्सिंगचा की फिजिओथेरपीचा. परीक्षा जवळ आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये नोट्स या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागतात, आणि या प्रश्नाची दोन वेगळ्या बांधणीची उत्तरं हाती पडतात. एकात गाळण, पुनर्शोषण, स्रवण असे तीन मथळे असतात. दुसऱ्यात द्रव जसा पुढे सरकतो तसं लिहिलेलं असतं: ग्लोमेरुलस, पीसीटी, हेन्लेचा लूप, डीसीटी आणि शेवटी कलेक्टिंग डक्ट.

माझं मत आधीच सांगते. प्रश्न मोठा असेल आणि त्यात "मागोवा" असेल, तर भागानुसार लिहा. प्रश्न लहान असेल किंवा गणित दिलं असेल, तर क्रियेनुसार. मात्र दोन्हींची कुठे फसगत होते ते कळल्याशिवाय निवड करू नका, कारण परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतो.

क्रियेनुसार लिहिताना सगळ्यात मोठा फायदा गाळणाला होतो. ग्लोमेरुलसमधला रक्ताचा दाब साधारण 60 मिमी पारा धरतात. तो द्रवाला बाहेर ढकलतो. रक्तातली प्रथिनं 32 मिमीच्या जोराने पाणी आत धरून ठेवतात आणि बोमन कॅप्सूलमधल्या द्रवाचा 18 मिमीचा दाब समोरून विरोध करतो. उरतात फक्त 10 मिमी. एवढ्याशा बळावर दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला 125 मिलि, म्हणजे दिवसाला 180 लिटर द्रव गाळतात. ही वजाबाकी मांडली की पुढचे प्रश्न आपोआप सुटतात. मूत्रवाहिनीत खडा अडकला तर काय होईल? मागे द्रव तुंबतो, बोमन कॅप्सूलमधले 18 वाढतात आणि 10 मधूनच ती वाढ वजा होते, म्हणून गाळण घटतं. भागानुसार लिहिणारा विद्यार्थी ग्लोमेरुलसला दोन ओळी देऊन पीसीटीकडे पळतो आणि हे सगळं त्याच्या हातून निसटतं.

गणितातही हीच पद्धत सोयीची. उदाहरणार्थ, रक्तातली साखर 400 मिग्रॅ प्रति डेसिलिटर असेल तर लघवीतून मिनिटाला किती ग्लुकोज जाईल? गाळलं गेलं 4 गुणिले 125, म्हणजे 500 मिग्रॅ. पीसीटीची वाहक प्रथिनं जास्तीत जास्त मिनिटाला सुमारे 375 मिग्रॅ परत घेऊ शकतात. ग्लुकोजचं स्रवण होत नाही. म्हणून 125 मिग्रॅ लघवीत. तीन ओळींत उत्तर संपलं. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. याच हिशेबाने साखर 300 होईपर्यंत लघवीत ग्लुकोज दिसायला नको, पण प्रत्यक्षात ती 180 ते 200 च्या आसपासच दिसू लागते. सगळे नेफ्रॉन सारखे नसतात. काहींची वाहकं लवकर भरून जातात, तेव्हा बाकीच्यांकडे अजून जागा असते. 375 हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे, प्रत्येक नेफ्रॉनची हद्द नव्हे.

आता या पद्धतीची दुखरी बाजू. ती पोटॅशियममध्ये उघडी पडते आणि मला वाटतं खरा निर्णय इथेच होतो.

रक्तात पोटॅशियम लिटरला 4 मिलिइक्विव्हॅलंट आहे. 180 लिटर गाळले म्हणजे दिवसाला 720 गाळलं गेलं. समजा लघवीत 90 सापडलं. क्रियेनुसार विचार करणारा लगेच लिहितो: 630 परत घेतलं, म्हणजे पोटॅशियमचं पुनर्शोषण होतं. झालं. पण मग स्रवणाच्या मथळ्याखाली तोच विद्यार्थी "पोटॅशियम" असं पाठ केलेलं लिहितो आणि ही दोन वाक्यं एकमेकांशी कशी जुळतात हे त्याला सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न आला की भलेभले गप्प होतात.

घोळ असा की सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा फक्त निव्वळ फरक सांगतो. स्वारगेटला बसमधली माणसं मोजली आणि एकदम कात्रजला मोजली, तर पद्मावतीला किती उतरले आणि बालाजीनगरला किती नवे चढले हे कळायची सोयच नाही. शेवटी बाहेर पडलेलं गाळलेल्यापेक्षा जास्त भरलं, तर स्रवण झालंच असं छातीठोक म्हणता येतं. पीएएच या पदार्थाचं तसंच होतं. क्रिएटिनिनचंही थोडंफार स्रवण होतं, म्हणून क्रिएटिनिन क्लिअरन्स खऱ्या गाळणापेक्षा जरा जास्त येतो. पण बाहेर पडलेलं कमी भरलं म्हणून स्रवण झालंच नाही, असं म्हणता येत नाही.

तेच 720 आता भागानुसार पुढे न्या. पीसीटीत सुमारे 65 टक्के परत घेतलं जातं, म्हणजे 468. उरले 252. हेन्लेच्या लूपच्या जाड चढत्या भागात मूळच्या 27 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 194 परत जातं. डीसीटीच्या तोंडाशी पोचतात जेमतेम 58. आणि लघवीत तर 90 आहेत! मधले किमान 32 आले कुठून? डीसीटीच्या शेवटच्या टोकातल्या आणि कलेक्टिंग डक्टच्या पेशींनी ते रक्तातून आत सोडले. स्रवण आता पाठ केलेलं राहिलं नाही, ते वजाबाकीतून बाहेर पडलं. आहारात पोटॅशियम वाढलं की जी वाढ लघवीत दिसते ती बहुतेक याच शेवटच्या भागातून येते. वरचे दोन टप्पे फारसे हलत नाहीत.

दवाखान्यातलं एक नेहमीचं दृश्य घ्या. सूज उतरवण्यासाठी रुग्णाला फ्युरोसेमाइड सुरू केलं आणि काही दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम 3 वर आलं. क्रियेनुसार विचार करणारा म्हणेल, लूपमधलं पुनर्शोषण बंद पडलं म्हणून पोटॅशियम वाहून गेलं. हे खरं आहे, पण अर्धंच. कारण थायझाइड गटाची औषधं लूपला हातही लावत नाहीत, ती डीसीटीत सोडियमचं पुनर्शोषण अडवतात, तरी त्यांनीही पोटॅशियम उतरतं. भागानुसार पाहिलं की दोन्हींतला समान धागा दिसतो. दोन्ही औषधं पोटॅशियम सोडणाऱ्या पेशींच्या अलीकडे काम करतात. अलीकडे सोडियम अडलं की ते जास्त प्रमाणात पुढे पोचतं. त्या पेशी सोडियम आत ओढतात, नलिकेतल्या द्रवाची बाजू विद्युतदृष्ट्या अधिक ऋण होते आणि पोटॅशियम पेशींतून नलिकेत खेचलं जातं. शिवाय द्रव वेगाने वाहत असल्याने आलेलं पोटॅशियम तिथे साचत नाही, पुढे निघून जातं, आणि आणखी यायला वाट मोकळी राहते. त्यात शरीरातला द्रव घटला की अल्डोस्टेरॉन वाढतं आणि ते या पेशींना आणखी जोर देतं. याउलट अमिलोराइड याच पेशींच्या सोडियमच्या वाटा बंद करतं, म्हणून त्याने पोटॅशियम चढतं. औषध कुठे काम करतं हे कळलं की पोटॅशियम कुठल्या दिशेने जाईल ते पाठ करावं लागत नाही.

पाण्याच्या बाबतीतही भागानुसार लिहिणाराच पुढे असतो. पीसीटीत 180 पैकी सुमारे 117 लिटर पाणी परत जातं, पण मीठही त्याच प्रमाणात जातं, म्हणून उरलेल्या 63 लिटरची तीव्रता रक्ताएवढीच राहते. तिथे ग्लुकोज जवळजवळ शून्यावर आलेलं असतं आणि क्रिएटिनिन मात्र जवळपास तिप्पट दाट झालेलं असतं. क्रिएटिनिनचं प्रमाण तिथे वाढलं यात नवल नाही, त्याच्या भोवतालचं पाणी गेलं. लूपच्या उतरत्या भागातून फक्त पाणी जातं, चढत्या भागातून फक्त मीठ, म्हणून लूपमधून बाहेर पडणारा द्रव रक्तापेक्षा पातळ असतो. नंतर एडीएच असेल तर कलेक्टिंग डक्ट पाणी शोषून लघवी दाट करते, नसेल तर द्रव पातळच जातो. "पुनर्शोषण" या एकाच मथळ्याखाली हे सगळं कोंबलं की उतरत्या आणि चढत्या भागांची अदलाबदल हमखास होते. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते.

मग भागानुसार लिहिण्यात खोट काय? एक म्हणजे वेळ. टक्केवाऱ्या लिहिण्याच्या नादात अर्धा वेळ पीसीटीत जातो आणि कलेक्टिंग डक्ट शेवटच्या दोन ओळींत उरकली जाते, जिथे खरं तर हार्मोन्सचं नियंत्रण आहे. दुसरं म्हणजे स्रवण विखुरतं. पेनिसिलिनसारखी औषधं आणि अनेक सेंद्रिय आम्लं पीसीटीतच स्रवली जातात, पोटॅशियम शेवटच्या भागात, हायड्रोजन आयन दोन्हीकडे. परीक्षक "स्रवण" हा शब्द शोधत असतो, आणि तुमचं स्रवण तीन परिच्छेदांत दडलेलं असतं. क्रियेनुसार लिहिणारे मात्र याच्या उलट चूक करतात: "स्रवण फक्त डीसीटीत होतं" असं बेधडक लिहून मोकळे होतात.

म्हणून मोठ्या प्रश्नाला मी विद्यार्थ्यांना असं सुचवते. बांधणी भागानुसार ठेवा, पण ग्लोमेरुलसला 60, 32 आणि 18 ची वजाबाकी देऊन पूर्ण परिच्छेद द्या. पुढच्या प्रत्येक भागात काय परत गेलं आणि काय आत सोडलं हे वेगवेगळ्या वाक्यांत लिहा आणि "स्रवण" शब्दाखाली रेघ ओढा. आकृती एकच काढा. परत जाणाऱ्या पदार्थांचे बाण नलिकेतून बाहेर, आत सोडलेल्यांचे बाण बाहेरून नलिकेत. बाणाची दिशा उलटी काढली तर बरोबर लिहिलेलं वाक्यही परीक्षकाला संशयास्पद वाटतं. उदाहरण म्हणून पोटॅशियमचे 720, 58 आणि 90 हे तीन आकडे आकृतीतच त्या त्या जागी लिहिले, तर वेगळा परिच्छेद लागत नाही.

चार गुणांचा प्रश्न असेल, किंवा "ग्लुकोजचा रीनल थ्रेशोल्ड म्हणजे काय" असं थेट विचारलं असेल, तर नेफ्रॉनची सफर नको. गाळलं किती, परत घेतलं किती, उरलं किती, एवढं लिहा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा.