हॉटेलमालकाला पहिला मेल: पोर्टफोलिओचा की एका पानाचा?

तीन-चार शाखा चालवणाऱ्या हॉटेलमालकाला स्वतंत्र काम करणाऱ्या डिझायनरने पहिला मेल लिहायचा, तर दोन रस्ते आहेत. एकात आपली ओळख, करत असलेल्या कामांची यादी आणि पोर्टफोलिओची पीडीएफ जाते. दुसऱ्यात त्यांच्याच हॉटेलातली एक अडचण उचलायची, ती कशी सुटेल हे एका पानावर दाखवायचं आणि स्वतःबद्दल फार तर दोन ओळी लिहायच्या. मी दोन्ही पाठवले आहेत आणि दोन्हींतून कामं मिळाली आहेत, त्यामुळे यातला एक टाकाऊ आहे असं म्हणणार नाही. पण आता मेल लिहायला बसलो की हात आपसूक कुठल्या बाजूला जातो, ते पुढे कळेलच.

आधी हा मालक कोण, ते पाहू. एका हॉटेलचा मालक सहसा मेल वाचतच नाही, त्याला गल्ल्यावर जाऊन भेटावं लागतं. मोठ्या साखळीत मार्केटिंगचा माणूस असतो. मधला हा तीन ते सहा शाखांचा मालक मेल स्वतः उघडतो, दुपारची गर्दी ओसरल्यावर, फोनवर. आवडला तर भागीदाराला किंवा मॅनेजरला पुढे ढकलतो. म्हणजे तुमचा मेल पाच इंची पडद्यावर वाचला जाणार आणि तुम्ही समोर नसताना दुसऱ्या कुणाला तरी दाखवला जाणार.

पोर्टफोलिओचा मेल लिहायला सोपा. एकदा नीट बसवला की नाव बदलून वीस जणांना जातो. मेहनत वाया गेल्याचं दुःख नाही, कारण मेहनत आधीच झालेली असते. तुमची नजर, अक्षरांची जाण, रंगांची समज त्यातून दिसते. ओळखीच्या कुणी नाव सुचवलं असेल तर मालकाला नेमकं तेच बघायचं असतं. तांत्रिक कटकटी आहेत, पण त्या सुटणाऱ्या: पीडीएफ २५ एमबीच्या वर गेली की जीमेल तिची ड्राइव्हची लिंक करतं, आणि ती लिंक सगळ्यांसाठी उघडी ठेवली नसेल तर समोरच्याला परवानगी मागावी लागते. ती कुणी मागत नाही. आडव्या पानांची पीडीएफ फोनवर बोटांनी ताणून बघावी लागते, म्हणून पानं उभी करावीत. इथवर माझी काही तक्रार नाही.

माझी तक्रार त्याच्या उत्तराबद्दल आहे. उत्तर आलंच, तर ते जवळजवळ एकाच साच्यातलं असतं: 'छान आहे काम. रेट पाठवा.' वाचून आधी बरं वाटतं. पण रेट कशाचे? यादीत लोगो, मेनूकार्ड, बोर्ड, पार्सलचे डबे, इन्स्टाग्रामच्या पोस्ट असं सगळं असतं. मग तुम्ही प्रत्येकाचा दर लिहून पाठवता. त्या क्षणी तुमची तुलना दुसऱ्या डिझायनरशी होत नाही, छापखान्याशी होते. आपल्याकडे बहुतेक प्रेसवाले छपाईचं काम घेतलं की डिझाइन फुकट किंवा किरकोळ पैशांत करून देतात. मालकाकडे त्या प्रेसचं कोटेशन आधीच असतं, त्यात 'डिझाइन' या रकान्यात शून्य असतं आणि तुमच्या दरपत्रकात मेनूकार्डापुढे पाच आकडी रक्कम असते. आता शून्यासमोर काय बोलणार? दर्जा, अनुभव वगैरे मुद्दे बरोबर असतात, पण दराच्या भांडणात ते कुणी ऐकून घेत नाही. उत्तर खेळीमेळीचं असलं तरी वाटाघाट तिथेच हरलेली असते, आणि दार आपल्याच यादीने उघडून दिलेलं असतं. ही एक गोष्ट मला इतकी खुपली की मी बाजू बदलली.

आता दुसरा मेल. त्याची खरी किंमत मेल लिहिण्याआधी द्यावी लागते. जाऊन जेवावं लागतं, तेही किमान दोन शाखांत, कारण या आकाराच्या धंद्याची दुखणी एका शाखेत दिसत नाहीत, दोन शाखा शेजारी ठेवल्या की दिसतात. त्यातलं हमखास सापडणारं दुखणं म्हणजे मेनूकार्डावरचे दर. तेलाचे, गॅसचे भाव वाढले की दर वाढतात आणि जुन्या आकड्यावर स्टिकर बसतं. एका शाखेत बसतं, दुसरीत राहून जातं. टेबलावरच्या क्यूआरमागे तर भलतीच जुनी पीडीएफ असते, तीही छापील मेनूचीच, म्हणजे फोनवर ताणून वाचायची. गिऱ्हाईक बिलाच्या वेळी क्यूआरवरचा आकडा दाखवतं आणि वेटर मधल्या मध्ये सापडतो.

याच्या मागे आळस नसतो. मेनूची मूळ फाइल मालकाकडे नसते, ती प्रेसवाल्याच्या संगणकावर कोरलड्रॉमध्ये असते. मराठी मजकूर बऱ्याचदा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये असतो, त्यामुळे तो उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो. एक आकडा बदलायचा तर त्याच प्रेसकडे जायचं, पूर्ण कार्ड पुन्हा छापायचं, वर पुन्हा लॅमिनेशन. चार शाखांत प्रत्येकी पंधरा धरली तर साठ कार्डं. त्यापेक्षा स्टिकर परवडतं.

हे समजलं की मेल साधारण असा होतो:

विषय: कोथरूड शाखा, मेनूवरचे दर

नमस्कार,
मी पुण्यात हॉटेलांसाठी मेनूकार्ड आणि पॅकिंगचं डिझाइन करतो. गेल्या आठवड्यात तुमच्या कोथरूड आणि सिंहगड रोडच्या शाखेत जेवलो. कोथरूडला थालीपीठ स्टिकर लावून १२० रुपये आहे, सिंहगड रोडला छापील ११०, आणि टेबलावरचा क्यूआर १०० दाखवतो.

खालच्या चित्रात तुमच्याच मेनूचं नाश्त्याचं पान वेगळ्या पद्धतीने मांडलं आहे. जाड कव्हर कायम राहतं, दर असलेला आतला कागद तेवढा बदलतो. दर वाढले की चारही शाखांसाठी फक्त आतले कागद छापायचे.

चारही शाखांचं मेनूकार्ड, क्यूआरमागचं फोनवर वाचता येईल असं पान आणि मूळ फाइल तुमच्या ताब्यात, असं सगळं मिळून ३२,००० रुपये. छपाई वेगळी, ती तुमच्या नेहमीच्या प्रेसकडून करता येईल. मला जीएसटी लागू नाही.

बुधवारी किंवा गुरुवारी चारच्या सुमारास दहा मिनिटं भेटता येईल का?

विषयाच्या ओळीत शाखेचं नाव सुरुवातीला आहे, कारण फोनवर ती ओळ अर्ध्यात कापली जाते आणि 'कोथरूड शाखा' एवढं दिसलं तरी मालक मेल उघडतो. रक्कम एकच आहे आणि ती एका अडचणीची आहे, सुट्या वस्तूंची नाही. त्यामुळे प्रेसच्या शून्याशी ती भिडत नाही: प्रेसवाला कार्ड फुकट रचून देईल, पण क्यूआर आणि चार शाखांचे दर जुळवून ठेवणं त्याच्या हिशेबात नसतं. छपाई त्याच्याकडेच ठेवल्याने तो तुमच्या विरोधात कान भरत नाही, हा आणखी एक फायदा.

जीएसटीची ओळ उगाच नाही. बहुतेक हॉटेलं ५ टक्के जीएसटी भरतात आणि त्या दरात त्यांना इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे तुमच्या बिलावरचा १८ टक्के कर कारखानदाराला परत मिळतो तसा त्यांना मिळत नाही, तो निव्वळ खर्च. तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केली नसेल, तर ते सांगून टाकावं. नोंदणी असेल तर करासकट रक्कम लिहावी. 'अधिक जीएसटी' हे दोन शब्द नंतर फार बोचतात.

या मेलचे धोकेही आहेत. पहिला, सुराचा. मेनू मालकाच्या मेव्हण्याने केलेला असू शकतो. म्हणून दिसण्यावर एक शब्दही नको, आकडे जसे आहेत तसे लिहावेत आणि थांबावं. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या ठळक मराठीत हव्यात हा नियमही पहिल्या मेलमध्ये काढू नये. बोर्डाचं काम मिळेल या आशेने तो लिहिला, तरी मालकाच्या कानाला ती धमकीच वाटते. दुसरा धोका, चित्र घेऊन मालक थेट प्रेसकडे जाण्याचा. होतं असं अधूनमधून. मी एकच विभाग दाखवतो, तोही फोनपुरत्या लहान जेपीजीमध्ये, यापलीकडे इलाज नाही. तिसरा, वेळेचा: जेवण, फोटो, पान रचणं यात अर्धा दिवस जातो, म्हणून हा मेल वीस जणांना जाऊच शकत नाही.

तेव्हा मालक नवी शाखा किंवा नवं नाव काढत असेल, दाखवायला जुना मेनूच नसेल, किंवा कारभार घरातल्या तरुण पिढीकडे आलेला असेल आणि त्यांना तुमची आवड-निवड पारखायची असेल, तर पोर्टफोलिओ पाठवावा. स्थळ सुचवल्यावर बायोडेटा पाठवतात तितकं ते रास्त आहे. फक्त वीस पानांऐवजी खाण्याच्या धंद्याशी संबंधित चार पानं पुरतात, आणि सेवांची यादी गाळली तर 'रेट पाठवा' थोडं उशिरा येतं.

धंदा चालू असेल, शाखा दोनपेक्षा जास्त असतील आणि तुमच्याकडे एक दुपार मोकळी असेल, तर माझं मत एका पानाच्या बाजूने झुकतं. माझा अनुभव पुण्याच्या आसपासचा आहे, मुंबईत किंवा पणजीत तो थोडा वेगळा निघेल. उत्तर आलं नाही तर आठवड्याने त्याच मेलखाली दोन ओळी लिहाव्यात, शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस टाळून. तेव्हाही पोर्टफोलिओ जोडू नये. तो मागितला तर भेटीत दाखवावा, नाश्त्याच्या पानाचं बोलणं झाल्यावर.